जन्मतिमाही, ३० इन्स्ट्रुमेंट आणि १/एफ: टूएसएलएस पुन्हा चालवतानाच्या नोंदी

४ ऑगस्ट. डेटा

काम असं आहे: अँग्रिस्ट आणि क्रूगर यांचा १९९१ चा शिक्षण-पगाराचा अभ्यास स्वतःच्या मशीनवर पुन्हा उभा करायचा आणि त्यात दुबळी इन्स्ट्रुमेंट नेमकी कुठे आणि किती घोळ घालतात ते मोजायचं. हाच अभ्यास निवडायचं कारण म्हणजे त्याचा डेटा खुला आहे, आकडे तीन दशकं उलटसुलट तपासले गेले आहेत, आणि नमुना सव्वातीन लाखांहून मोठा आहे. "नमुना मोठा आहे म्हणजे इन्स्ट्रुमेंटची काळजी नको" हा समज मोडायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

कल्पना थोडक्यात अशी. अमेरिकेत मूल कोणत्या वर्षी शाळेत जाणार हे साधारणपणे कॅलेंडर वर्षावर ठरतं, पण शाळा सोडायची कायदेशीर मुभा मिळते ती वाढदिवसाला, बऱ्याच राज्यांत सोळाव्या. जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेला मुलगा वर्गात वयाने मोठा असतो. त्यामुळे तो कमी इयत्ता शिकूनच सोळाचा होतो. म्हणून जन्माची तिमाही शिक्षणाची वर्षं थोडीशी हलवते, आणि पगारावर तिचा दुसऱ्या वाटेने परिणाम होत नाही असं गृहीत धरलं जातं, म्हणून तीच इथलं इन्स्ट्रुमेंट. या गृहीतकाकडे शेवटी येऊ.

फाइलचं नाव `NEW7080.dta`. तिच्यात रकान्यांना नावं नाहीत, `v1`, `v2` असे क्रमांक आहेत. लागणारे रकाने एवढेच:

```r
library(haven)
r <- read_dta("NEW7080.dta")
r <- subset(r, v27 >= 30 & v27 <= 39)
d <- data.frame(lw = as.numeric(r$v9), ed = as.numeric(r$v4),
                aq = as.numeric(r$v2) - 1900,
                qob = factor(r$v18), yob = factor(r$v27))
nrow(d)
```

शेवटच्या ओळीला ३,२९,५०९ यायला हवेत: १९८० च्या जनगणनेतले, १९३० ते १९३९ मध्ये जन्मलेले पुरुष. वेगळा आकडा आला तर पुढे जाऊ नका. फाइलमध्ये १९७० च्या जनगणनेतली आणि १९४० च्या दशकात जन्मलेली माणसंही आहेत, आणि `v27` वरची गाळणी चुकली की ती आत शिरतात.

`v2` म्हणजे तिमाहीत मोजलेलं वय. या जनगणनेपुरता तो रकाना १९०० ने वर चढलेला आहे, म्हणून वजाबाकी. कागदावर तिने काही फरक पडत नाही, पण न करता वर्ग केला तर मूळ रकाना आणि वर्ग हे संगणकाच्या दृष्टीने जवळजवळ एकच होतात आणि `lm` त्यातला एक गुपचूप टाकून देऊ शकतो.

५ ऑगस्ट. आधी एकच इन्स्ट्रुमेंट

३० इन्स्ट्रुमेंटकडे उडी मारण्याआधी साधा भागाकार करून घ्यावा: पहिली तिमाही विरुद्ध बाकीच्या तीन.

पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचं सरासरी शिक्षण १२.६८८१ वर्षं, बाकीच्यांचं १२.७९६९. फरक ०.१०८८ वर्षं, म्हणजे जेमतेम सव्वा महिना. साप्ताहिक पगाराच्या लॉगमधला फरक ०.०१११०. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की ०.१०२०, म्हणजे एका वर्षाच्या शिक्षणाने पगार साधारण १० टक्के वाढतो. स्टँडर्ड एरर ०.०२३९. याच नमुन्यावर ओएलएस ०.०७०९ देतो.

आता पहिल्या टप्प्याचा एफ. शिक्षणातल्या फरकाची स्टँडर्ड एरर ०.०१३२ आहे, म्हणून टी ८.२४. इन्स्ट्रुमेंट एकच असेल तर एफ म्हणजे टीचा वर्ग, सुमारे ६८. सव्वा महिन्याचा क्षुल्लक परिणाम, तरी एफ ६८. हा मोठ्या नमुन्याचा फायदा, आणि तो खरा आहे.

हा ६८ कागदावर लिहून ठेवा. पुढे इन्स्ट्रुमेंट वाढवल्यावर याचं काय होतं ते बघण्यासारखं आहे.

७ ऑगस्ट. ३० इन्स्ट्रुमेंट, आणि एफ कुठला वाचायचा

मूळ अभ्यासात तिमाहीचा परिणाम प्रत्येक जन्मवर्षासाठी वेगळा धरला आहे. तीन तिमाह्या गुणिले दहा वर्षं, म्हणून ३० इन्स्ट्रुमेंट. जन्मवर्षाचे डमी दोन्ही टप्प्यांत राहतात.

इथे चूक होते ती अशी. पहिला टप्पा `lm` ने चालवला की `summary` च्या तळाशी एक एफ छापून येतो. तो १० च्या बराच वर असतो आणि बघणारा खूश होतो. पण तो एफ सगळ्या रकान्यांचा एकत्रित आहे, जन्मवर्षाच्या डमींसकट. १९३० च्या दशकात दर वर्षागणिक शिक्षण वाढतच होतं, त्यामुळे ते डमी शिक्षण चांगलंच समजावून सांगतात. पण ते दुसऱ्या टप्प्यातही आहेत, म्हणजे इन्स्ट्रुमेंट नाहीतच. आपल्याला हवा तो फक्त वगळलेल्या ३० रकान्यांचा एफ, आणि त्यासाठी दोन मॉडेलांची तुलना करावी लागते:

```r
f0 <- lm(ed ~ yob, d)
f1 <- lm(ed ~ yob * qob, d)
anova(f0, f1)
```

`Df` च्या रकान्यात ३० दिसतंय ना, ते आधी बघा. मग एफ: ४.९१.

६८ वरून ४.९१. डेटा तोच, माणसं तीच, नवीन माहिती घातली तरी एफ घसरला. यात गूढ काही नाही. एफ ही सरासरी आहे: सगळ्या इन्स्ट्रुमेंटनी मिळून समजावलेला भाग भागिले इन्स्ट्रुमेंटची संख्या. तिमाहीचा मुख्य परिणाम दहाही वर्षांत साधारण सारखाच आहे, तो पकडायला एक रकाना पुरेसा होता. उरलेल्या २९ रकान्यांकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे, पण भाजकात ते पूर्ण मोजले जातात.

दुसरा टप्पा:

```r
library(ivreg)
m <- ivreg(lw ~ yob + ed | yob * qob, data = d)
summary(m, diagnostics = TRUE)
```

`ed` चा गुणक ०.०८९, स्टँडर्ड एरर ०.०१६. `Weak instruments` च्या ओळीत पुन्हा तोच ४.९१ येतो, आणि तो तसा आला की `anova` बरोबर केला होता याची खात्री पटते. पहिल्या टप्प्याचे अंदाज हाताने काढून `lm` मध्ये घालण्याचा उद्योग करू नका. गुणक बरोबर येतो, पण स्टँडर्ड एरर चुकते, कारण `lm` उरलेली त्रुटी खऱ्या शिक्षणावरून न मोजता अंदाजित शिक्षणावरून मोजतो.

एका इन्स्ट्रुमेंटने ०.१०२ होतं, ३० नी ०.०८९ झालं, ओएलएस ०.०७१ आहे. उत्तर ओएलएसच्या दिशेने सरकलं, आणि स्टँडर्ड एरर मात्र ०.०२४ वरून ०.०१६ वर आली. नुसती स्टँडर्ड एरर बघणाऱ्याला वाटेल की काम सुधारलं.

९ ऑगस्ट. उत्तर का सरकतं, याचा हिशेब

पुस्तकात याचं लांबलचक गणित असतं. इथे हातावर मांडता येईल एवढाच भाग.

पहिल्या टप्प्यात शिक्षणाचा अंदाज बांधला जातो. समजा एखादा रकाना पूर्ण निरर्थक आहे, शिक्षणाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी नमुन्यात त्याचा गुणक नेमका शून्य येत नाही, योगायोगाने थोडं काहीतरी जुळतंच. असा प्रत्येक निरर्थक रकाना सरासरीने एक एकक "समजावतो", जिथे एकक म्हणजे पहिल्या टप्प्याच्या त्रुटीचा व्हेरियन्स. म्हणून ३० रकान्यांनी मिळून एकूण ३० × ४.९१, म्हणजे १४७ एककं समजावली असतील, तर त्यातली ३० निव्वळ योगायोगाची आहेत आणि ११७ खरी. योगायोगाचा वाटा ३० भागिले १४७, म्हणजेच १ भागिले एफ. इथे तो २० टक्के.

आता हा योगायोगाचा भाग बनलाय कशाचा? तो शिक्षणाच्या त्याच उरलेल्या त्रुटीचा तुकडा आहे, जिच्यात हुशारी, घरची परिस्थिती वगैरे सगळं दडलेलं आहे आणि जिच्यामुळे ओएलएस नको म्हणून आपण इथवर आलो. पहिल्या टप्प्याने ती गाळायची होती. पण ज्या नमुन्यातून गुणक काढले त्याच नमुन्यात ते वापरले, म्हणून अंदाजाच्या २० टक्के भागात ती गाळणीतून निसटून आलीच. त्या २० टक्के भागावर पगाराचा उतार ओएलएससारखाच असतो. म्हणून:

```
2SLS ≈ (1 - 1/F) * खरा + (1/F) * OLS
खरा  ≈ (2SLS - OLS/F) / (1 - 1/F)
```

आपले आकडे घातले तर (०.०८९ − ०.०७१/४.९१) भागिले (१ − १/४.९१), म्हणजे ०.०९४. लिमल ही पद्धत, जी हा कल मुळातच जवळजवळ टाळते, याच ३० इन्स्ट्रुमेंटवर ०.०९३ देते. पाटीवरच्या हिशेबाला हे पुरे.

दोन मर्यादा लगेच नोंदवतो. हा हिशेब सगळ्यांची त्रुटी सारख्या पसाऱ्याची मानतो. आणि इन्स्ट्रुमेंट बरीच असतील तेव्हा तो नीट लागू पडतो. एक-दोन असतील तर "सरासरी सरकणं" या बोलण्यालाच फारसा अर्थ राहत नाही.

स्टँडर्ड एरर का लहान झाली तेही याच एककांतून निघतं. या डेटात ती साधारण ०.१९५ भागिले एकूण एककांचं वर्गमूळ एवढी येते. एका इन्स्ट्रुमेंटला ६८ एककं, म्हणून ०.०२४. तिसांना १४७, म्हणून ०.०१६. (०.१९५ कुठून आले? ओएलएसची स्टँडर्ड एरर साधारण ०.०००३४, गुणिले नमुन्याचं वर्गमूळ ५७४.) सूत्राला खरं एकक आणि योगायोगाचं एकक यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही सारख्याच विश्वासाने मोजतं.

१० ऑगस्ट. खोटी तिमाही

हिशेब बरोबर असेल तर इन्स्ट्रुमेंट मुद्दाम मोडूनही तो टिकायला हवा. खरी जन्मतिमाही फेकून देऊन प्रत्येकाला चिठ्ठी काढल्यासारखी तिमाही वाटायची:

```r
d$q0 <- factor(sample(1:4, nrow(d), replace = TRUE))
ivreg(lw ~ yob + ed | yob * q0, data = d)
```

अशा इन्स्ट्रुमेंटमध्ये काहीच माहिती नाही. बऱ्याच जणांची अपेक्षा असते की उत्तर शून्याच्या आसपास येईल, नाहीतर कुठेही भरकटेल. दोन्ही होत नाही. एफ १ च्या आसपास येतो, वरच्या सूत्रात १/एफ जवळजवळ १ होतो, आणि उत्तर ओएलएसभोवती घुटमळतं. `sample` पुन्हा पुन्हा चालवून सरासरी घेतली की ती थेट ओएलएसवर बसते. एका धावेचा पसारा ०.१९५ भागिले २८ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०३७ (तिसातून दोन वजा, कारण हे वितरण टी सारखं जाड शेपटीचं असतं).

बाउंड, जेगर आणि बेकर यांनी १९९५ मध्ये हेच करून दाखवलं. त्यांच्या मॉडेलात ओएलएस ०.०६३ होता, आणि खोट्या तिमाह्यांनी सरासरी उत्तर आलं ०.०६ च्या आसपास.

अंगावर काटा येतो तो इन्स्ट्रुमेंट १८० केल्यावर. जन्मराज्य आणि तिमाही यांचे गुणाकार धरले की मूळ अभ्यासात एवढी होतात. खोट्या तिमाहीने १८० रकाने केले तर पसारा ०.१९५ भागिले १७८ चं वर्गमूळ, म्हणजे ०.०१५. छापून येणारी स्टँडर्ड एररही तेवढीच. गुणक ०.०६, स्टँडर्ड एरर ०.०१५, टी ४. चिठ्ठ्या टाकून काढलेल्या रकान्यांवर "एक टक्का पातळीवर लक्षणीय" निकाल, आणि आकडा ऐकायलाही पटणारा. तारे मोजून निकाल तपासणाऱ्याच्या हातून हा कधीच पकडला जाणार नाही. तो पकडला जातो फक्त एफ बघून.

याची उलटी चाचणीही करून बघण्यासारखी आहे. नमुन्याचे दोन भाग करा, पहिल्या भागातून पहिल्या टप्प्याचे गुणक काढा आणि ते दुसऱ्या भागातल्या माणसांवर वापरा. आता योगायोगाचा तुकडा दुसऱ्याच माणसांच्या त्रुटीचा आहे, इथल्या पगाराशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे कल ओएलएसकडे न जाता शून्याकडे जातो. दोष योगायोगाच्या जुळणीत आहे आणि ती कुणाच्या त्रुटीतून आली यावर दिशा ठरते, हे यातून स्वच्छ दिसतं.

१३ ऑगस्ट. वय घातल्यावर

मूळ तक्त्यात काही रकान्यांत तिमाहीत मोजलेलं वय आणि त्याचा वर्ग हे नियंत्रण म्हणून घातले आहेत. घालायला हरकत वाटत नाही, अनुभवाने पगार वाढतोच. पण परिणाम बघा: ३० ची २८ इन्स्ट्रुमेंट होतात, एफ ४.९१ वरून १.६१ वर येतो, गुणक ०.०७६ आणि स्टँडर्ड एरर ०.०२९.

एकाच जनगणनेत तिमाहीत मोजलेलं वय म्हणजे जन्मवर्ष अधिक जन्मतिमाही, दुसरं काही नाही. जन्मवर्षाचे डमी आधीच बसलेत. वर वय घातलं की वर्षाच्या आतली तिमाहीगणिक सरळ चढण त्याने खाल्ली, आणि वर्गाने तिचा वाक. आपल्या इन्स्ट्रुमेंटचा बहुतेक जीव त्या चढणीतच होता. उरतो तो तिमाह्यांमधला वेडावाकडा फरक. दोन रकाने का गळाले तेही इथेच कळतं: जन्मवर्ष-तिमाहीच्या ४० खान्यांत वय आणि वर्ग ही दोन्ही आधीच पूर्ण ठरलेली आहेत. सॉफ्टवेअर "कोलिनिअर म्हणून वगळले" असं सांगतं तेव्हा ती ओळ सोडून देऊ नका, ती पहिल्या टप्प्याबद्दल काहीतरी सांगत असते.

एफ १.६१ म्हणजे योगायोगाचा वाटा ६२ टक्के. ०.०७६ हा आकडा ०.०७१ च्या इतका जवळ आहे तो बहुतांशी त्यामुळेच. आणि नेमका हाच आकडा घेऊन "टूएसएलएस आणि ओएलएस जवळजवळ सारखे, म्हणजे ओएलएसमध्ये फारसा दोष नव्हता" असा निष्कर्ष काढला जातो. एफ इतका खाली असताना ते दोन सारखे येणं हा कशाचाच पुरावा नाही. ते सारखे येणारच होते. हाउसमन चाचणी इथे काही वेगळं सांगणार नाही, तीही याच दोन आकड्यांच्या फरकावर उभी आहे.

याच वय-नियंत्रणाखाली वर्षांचे गुणाकार न करता नुसत्या तिमाह्या ठेवल्या तर दोनच इन्स्ट्रुमेंट उरतात. त्यांचा एफ ०.४२, गुणक ०.४३५, स्टँडर्ड एरर ०.४५०. हा निकाल कुणीही छापणार नाही. तोच दुबळेपणा २८ रकान्यांत वाटला की ०.०७६ आणि ०.०२९ होतो, आणि तो छापला जातो. थोडी इन्स्ट्रुमेंट दुबळी असली की तसं ओरडून सांगतात, पुष्कळ असली की गप्प बसतात.

१६ ऑगस्ट. एका तक्त्यात

प्रसिद्ध आकड्यांवर ९ तारखेचं सूत्र चालवून लिमलशी ताडून बघितलं. पहिल्या तीन ओळींना ओएलएस ०.०७१ धरलाय, शेवटच्या दोनांत जन्मराज्याचे डमी आहेत म्हणून ०.०६७.

| इन्स्ट्रुमेंट | एफ | टूएसएलएस | सूत्राने सुधारलेला | लिमल |
|---|---|---|---|---|
| ३ | ३२.२७ | ०.१०५ | ०.१०६ | ०.१०६ |
| ३० | ४.९१ | ०.०८९ | ०.०९४ | ०.०९३ |
| २८, वयासह | १.६१ | ०.०७६ | ०.०८४ | ०.०८१ |
| १८० | २.५८ | ०.०९३ | ०.१०९ | ०.१०६ |
| १७८, वयासह | १.९७ | ०.०९१ | ०.११६ | ०.११० |

पहिल्या ओळीत टूएसएलएस आणि लिमल एकमेकांना चिकटून आहेत. एफ ३२ म्हणजे गळती फक्त तीन टक्के. खाली खाली जाल तसं अंतर वाढतं. एखाद्या निकालात फक्त टूएसएलएस दिला असेल, एफही दिला असेल आणि डेटा हाती नसेल, तर हे सूत्र पाठकोऱ्या कागदावर चालवून बघण्याइतपत विश्वासाचं आहे. एफ १ च्या खाली गेला की ते कोसळतं, तेव्हा वापरू नये.

लिमल म्हणजे रामबाण नाही. वयासह २८ इन्स्ट्रुमेंटवर त्याची स्टँडर्ड एरर ०.०४१ आहे, टूएसएलएसच्या ०.०२९ च्या तुलनेत जवळजवळ दीडपट. माहिती नाहीच, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो इतकंच. शिवाय त्रुटीचा पसारा माणसागणिक बदलत असेल आणि इन्स्ट्रुमेंट पुष्कळ असतील तर लिमलही ढळतो.

१८ ऑगस्ट. "१० च्या वर" या नियमाबद्दल

एफ १० पेक्षा जास्त हवा हा नियम स्टायगर आणि स्टॉक यांच्या १९९७ च्या लेखापासून रुळला. वरच्या सूत्रातून त्याचा अर्थ सरळ निघतो: एफ १० तर गळती दहावा हिस्सा. स्टॉक आणि योगो यांनी २००५ मध्ये नेमके तक्ते दिले. गळती दहा टक्क्यांच्या आत आहे असं म्हणायला ३ इन्स्ट्रुमेंटला एफ ९.०८ च्या वर लागतो, ३० ना ११.३२ च्या वर. आपला ४.९१ त्यात बसत नाही.

पण ते तक्ते सारख्या पसाऱ्याच्या त्रुटींसाठी आहेत. तुमच्या डेटात गाव, शाळा किंवा जिल्हा असे गट असतील आणि स्टँडर्ड एरर त्या गटांनुसार काढली असेल, तर एफ तशाच पद्धतीचा हवा. रोबस्ट एफ काढून तो ११.३२ शी ताडणं चुकीचं आहे. त्यासाठी मोन्तिएल ओलेआ आणि प्फ्लुगर यांचा "इफेक्टिव्ह एफ" आहे, स्टाटामध्ये `weakivtest`. इन्स्ट्रुमेंट एकच असेल तर तो आणि रोबस्ट एफ एकच.

एकच इन्स्ट्रुमेंट असताना प्रश्नच वेगळा असतो. सरकण्यापेक्षा टी चाचणीची पातळी बिघडते. ली आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं की नेहमीचा १.९६ चा निकष कोणत्याही परिस्थितीत पाच टक्क्यांचा राहायला एफ १०४.७ लागतो. आपला ६८ त्याच्याही खाली आहे. पण म्हणून ५ तारखेचा निकाल टाकून द्यावा असं नाही. अँडरसन-रुबिन चाचणीला पहिल्या टप्प्याच्या बळाशी देणंघेणं नसतं. एका इन्स्ट्रुमेंटला "गुणक शून्य आहे का" ही तिची चाचणी म्हणजे पगाराचा थेट तिमाहीवर काढलेला टी: ०.०१११० भागिले ०.००२७४, म्हणजे ४.०५. शून्य फेटाळला गेला, एफचं नावही न घेता. पगाराच्या त्या थेट समीकरणात काही दिसत नसेल आणि टूएसएलएस मात्र ठळक निकाल देत असेल, तर टूएसएलएसवर विश्वास ठेवू नये.

अंतिम मसुद्यात मुख्य निकाल म्हणून एक आणि तीन इन्स्ट्रुमेंटचे आकडे, सोबत अँडरसन-रुबिन. ३० चा निकाल लिमलसह दुसऱ्या रकान्यात. वयासहचे रकाने परिशिष्टात, एफ शेजारी छापून.

२० ऑगस्ट. गृहीतकाची बाजू

हे एफने सुटत नाही, पण दुबळेपणामुळे फुगतं, म्हणून इथेच. तिमाहीचा पगारावर शिक्षणाशिवाय थेट परिणाम असेल, तर तो पहिल्या टप्प्याच्या फरकाने भागून उत्तरात मिसळतो. भाजक ०.१०८८ आहे, म्हणजे कुठलीही छोटी चूक नऊपटीहून जास्त होते. पहिल्या तिमाहीत जन्मलेल्यांचा पगार इतर कारणांनी फक्त ०.२ टक्का कमी असला, तरी ०.००२ भागिले ०.१०८८ म्हणजे ०.०१८ एवढी भर उत्तरात पडते. ०.१०२ मधून ती वजा केली की ०.०८४ उरतात, आणि ओएलएसशी असलेलं अर्ध्याहून जास्त अंतर गेलं. माणसं वाढवून हा भाग कमी होत नाही.

आणि ०.२ टक्का ही कल्पनेतली गोष्ट नाही. बकल्स आणि हंगरमन यांनी २०१३ मध्ये दाखवलं की अमेरिकेत हिवाळ्यात जन्मलेल्या मुलांच्या आया सरासरीने वयाने लहान, कमी शिकलेल्या आणि अविवाहित असण्याची शक्यता जास्त. मसुद्यात ०.१०२ च्या खाली ही ०.०१८ ची ओळ आकड्यासह टाकली आहे.